गच्चीवरचं वावर

पाऊस पडत असला की आमचं छत कोरडं, आणि चांगलं ऊन पडलं की गळायला लागायचं. हे मी कुणाला सांगितलं की माणसं माझ्याकडे जरा चमत्कारिक नजरेनं बघतात. तेव्हाही बघायची. त्या वर्षी मला काही म्हणता काही कळत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर सगळं आजही कळलेलं नाही.

आमचं घर सोलापुरात विणकरांच्या वस्तीत होतं. मागच्या दोन खोल्यांत आम्ही राहायचो. पुढची लांब खोली एका तेलुगू विणकराला दिली होती. त्याचा खड्डामाग त्या खोलीत होता, म्हणजे जमिनीत खड्डा करून त्यात पाय सोडून विणायचा माग. तो आणि त्याची बायको दिवसभर तिथंच असायची. अंगणातून दगडी जिना गच्चीवर जायचा. गच्ची चुना आणि विटांचा चुरा चोपून केलेल्या कोब्याची होती, रस्त्याच्या बाजूला ढाळ, आणि पाणी जायला कठड्यातून बाहेर काढलेली दगडी पन्हळ.

आमचे हे गिरणीच्या कचेरीत होते. सकाळी भोंग्याला जायचे ते दिवे लागल्यावर यायचे. त्यामुळे घरात काही बिघडलं तर ते माझ्याच डोक्यावर.

मामंजी, म्हणजे माझे सासरे, आमच्याकडे आले ते करमाळ्याकडच्या, जेऊरच्या बाजूच्या गावाहून. सासूबाई जाऊन वर्ष झालं होतं. मोठ्या आजारानं मामंजींच्या हातातलं बळ गेलं, आणि वावर पुतणे बघू लागले. पुतणे वाईट नव्हते. पण वावराच्या कडेला बसून दुसऱ्याची औत हाकायची रीत बघायची, हे त्यांना सोसेना. एक गाठोडं घेऊन गाडीतून उतरले आणि आमच्या अंगणात बसले ते बसलेच. जेवायचे नाहीत, बोलायचे नाहीत. रस्त्याकडे बघत राहायचे. हे मला हळूच म्हणाले, "दादा असे बसले तर दिवाळी बघायचे नाहीत." मला राग आला. म्हातारं माणूस माझ्या अंगणात बसून सुकून जाणार, आणि हे सांगून कचेरीत जाणार.

मग एक दिवस मामंजी आपण होऊन गच्चीवर गेले. खाली आले ते विचारत, "सूनबाई, वर कुणी काय लावत न्हाय व्हय?"

मी हसले. माझं माहेर बार्शीचं, माळवदाचं. तिथं लाकडावर पांढरी माती चोपून छप्पर करतात, आणि माळवदावर गवताचं पातं दिसलं की आई जीव खाऊन उपटायची. मिरगाच्या आधी वर मीठ पेरायची, काही उगवू नये म्हणून. मूळ खाली गेलं की त्याच वाटेनं पाणी घरात येतं, हे आम्हां पोरींना पाळण्यातच शिकवलेलं. छप्पर ही जागा काही उगवू न द्यायची असते, एवढंच मला ठाऊक. आणि हे विचारतात, कुणी काय लावत न्हाय व्हय.

पण ते जेवायला बसले होते. दोन भाकऱ्या खाल्ल्या. मी म्हटलं, लावा.

आमच्या खोल्यांवर माझी वाळवणं असायची, म्हणून पुढची बाजू त्यांना दिली. आधी दोन फुटकी मडकी आली, त्यात मिरच्या. मग गिरणीतून टाकून दिलेलं गोणपाट आलं, त्याच्या पिशव्या, त्यात वांगी. मी म्हटलं, आमच्याकडची पांढरी माती हलकी, ती आणा. तर ते माझ्याकडे असे बघायला लागले की मी काहीतरी अशुभ बोलले. "पांढरीत पीक येतंय व्हय? पांढरी घराला, काळी पिकाला." आणि गावाबाहेरच्या ओढ्यावरून काळी माती आणायला लागले. पाटीनं. ज्या हातात बळ नव्हतं त्या हातांनी. वाटेत कुणाची बैलगाडी मिळाली तर तिच्यावर पोती टाकायचे. उन्हाळ्यापर्यंत पिशव्या आणि मडकी गेली, आणि पुढच्या गच्चीवर कठड्यापासून कठड्यापर्यंत ढोपराच्या खाली येईल एवढी काळी माती पसरली. मध्ये बांध, आणि मागच्या बाजूला चालायला मोकळी पायवाट. मामंजी त्याला वावर म्हणायचे. "वावरात जाऊन येतो," असं म्हणून जिना चढायचे. त्यांची पाठ सरळ झाली, आवाज परत आला. माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवायला लागले, तेव्हा मला कळलं की माणूस बरा झाला.

पाऊस लागल्यावर वांगी, घेवडा, अंबाडी आली. पुढं हस्ताचा पाऊस बरसला आणि त्यांनी चक्क शाळू, म्हणजे थंडीतली ज्वारी, पेरला. गच्चीवर शाळू! वस्तीतली माणसं मान वर करून बघायची.

याच दिवसांत विणकर यांना भेटायला आला. दारात उभा राहून म्हणाला, "मालक, माग बसतोय."

ते वर्ष मंदीचं होतं. आमच्या वस्तीत "माग बसला" याचा एकच अर्थ होता, धंदा बसला. जो तो हेच म्हणत होता. यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "असू दे. दिवस असेच आहेत. भाड्याची घाई करू नकोस."

विणकर बावचळून बघत राहिला. "भाडं न्हवं मालक. माग बसतोय."

"कळतंय मला," हे म्हणाले, आणि आत आले. मला म्हणाले, बिचारा, अभिमानी माणूस आहे, स्पष्ट बोलवत नाही त्याला. मलाही ते पटलं. मी त्याच्या बायकोला दोन वांगी जास्त दिली. तिनं घेतली, पण तीही गोंधळली.

थोड्या दिवसांनी तो परत आला, तेच म्हणाला. यांनीही तेच सांगितलं. तिसऱ्यांदा तो आलाच नाही.

मग छत गळायला लागलं. तेही कसं, तर उलटं. दोन दिवस झड लागली तेव्हा पुढच्या खोलीत थेंब नाही. तिसऱ्या दिवशी लख्ख ऊन, आणि विणकराची बायको मला ओढत घेऊन गेली. खोलीच्या मागच्या कोपऱ्यात, दारापासून लांब, छताच्या शहाबादी फरशीच्या सांध्यातून थेंब पडत होते. खाली त्यांच्या रेशमाच्या लडी. जिथं थेंब पडतोय त्याच्या बरोबर वर मी जाऊन पाहिलं. तिथं वावरच नव्हतं! तिथं मामंजींची मोकळी पायवाट, कोबा कोरडा ठाक.

मी डोक्याला हात लावून तिथंच बसले. ओल्या जागेखाली कोरडं आणि कोरड्या जागेखाली ओलं. पावसात कोरडं आणि उन्हात ओलं. मला वाटलं, आपल्यालाच काहीतरी झालंय.

गवंड्याला बोलावलं. हा गवंडी मोठा ऐटबाज होता. पिळदार मिशा, कानाला ओळंब्याची दोरी. तो फिरला, ठोकलं, वास घेतला, आणि कठड्याच्या बुडाशी बोट दाखवलं. तिथं पिंपळाचं रोप होतं, वीतभर. "हा बघा चोर. कावळ्यानं बी टाकलं. ह्याचं मूळ भिंतीत शिरलं, पाणी त्याच वाटंनं."

घरात पिंपळ उपटायचा की नाही यावर दोन दिवस गेले. मामंजी म्हणाले, पिंपळाला हात लावू नका. विणकराची बायको म्हणाली, आमच्याकडेही लावत नाहीत. शेवटी गवंड्यानं रोपाच्या पाया पडून ते काढलं आणि देवळाच्या आवारात नेऊन लावलं. मूळ निघालं हातभर, आणि तुटलं. आत किती राहिलं देव जाणे. भेगेत चुना भरला, वर डांबर ओतलं, पैसे घेतले आणि गेला.

पुढच्या उन्हात छत पुन्हा गळलं. आता दोन ठिकाणी.

गवंडी परत आला तेव्हा मिशा जरा खाली होत्या. म्हणाला, "मंग पन्हळीपाशी असंल." मग म्हणाला, "न्हाय, कोबाच फुटला असंल." मग काहीच म्हणाला नाही. मला त्याचा भयंकर राग आला, पण थोडं बरंही वाटलं. निदान न कळणारी मी एकटी नव्हते.

तो खाली विणकराच्या खोलीत छत बघत उभा होता. हेही होते, रविवार होता. विणकर खड्ड्यात पाय सोडून बसला होता. मागाच्या वर ताण्याचे धागे उचलणाऱ्या दोऱ्या छताच्या तुळईला टांगलेल्या असतात. त्यातली एक दोरी सोडून तो ती आखूड करून बांधत होता. गवंडी सहज म्हणाला, "दोरी लांबली व्हय?"

विणकर एकदम उसळला. इतका शांत माणूस, पण त्याचा आवाज फाटला. "दोरी कशाला लांबती? परत परत आखूड करतोय मी. माग खाली येतोय! मालकास्नी दोनदा सांगितलं, माग बसतोय. मालक म्हणत्यात, दिवस असेच हाईत!"

गवंड्यानं दोरी घेतली आणि तुळईच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणून धरायला लावली. मध्ये तुळई दोरीच्या खाली आली होती. चांगली बोटभर. माग बसत नव्हता. छत बसत होतं, आणि दोऱ्यांबरोबर माग खाली येत होता. हे खाली मान घालून उभे राहिले. त्या तुळईखाली ती दोघं दिवसभर बसत होती, आणि मी त्यांना वांगी देत होते.

आम्ही सगळे वर गेलो. गवंड्यानं वरची भेगाळलेली वाळकी माती एका पाटीत भरली आणि यांना उचलायला दिली; ती यांनी सहज खांद्यावर घेतली. मग वीतभर खणून खालची माती त्याच पाटीत भरली. खालची माती लोण्यासारखी ओली होती. पाऊस जाऊन आठवडा होऊन गेला होता तरी. यांना ती पाटी कशीबशी कमरेपर्यंतच उचलता आली. "एवढं वझं समद्या गच्चीवर," गवंडी म्हणाला. "काळी माती पाणी पिती, फुगती, सोडत न्हाय. सोडती ती दोन दिसांनी, थेंब थेंब. म्हणून उन्हात गळतंय. आन् चिरीतनं आत गेलेलं पाणी फरशीच्या पाठीवरनं पळतंय. जितं सांधा घावंल तितं पडतंय." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "आता मला बी कळलं." हे तो प्रामाणिकपणे बोलला, हे मान्य करायला हवं.

वावर काढावं लागणार होतं. मामंजींना सांगायचं कुणी? हे माझ्याकडे बघायला लागले. नेहमीचंच. मी जिन्याच्या तोंडाशी गेले, तर ते तिथंच उभे होते. सगळं ऐकलं होतं. शाळू गुडघ्याएवढा झाला होता. संध्याकाळी बघते तर त्यांचं गाठोडं बांधून दाराशी ठेवलेलं. "जेऊरला जातो," म्हणाले. "हितं माजं काय काम न्हाय."

तिथंही त्यांचं काम नव्हतं, हे त्यांना आणि आम्हांला दोघांनाही माहीत होतं. यांनी विनवणी केली, मी भांडले. शेवटी ते म्हणाले, माती उतरेपर्यंत थांबतो, माती आपली हाय. मी पोळ्या करताना रडले. वावर काढलं नाही तर खालची दोघं जातील आणि काढलं तर वरचा म्हातारा जाईल, असं मला दिसत होतं. याच्यात बरोबर काय, ते कळेना.

तुळईला टेकू लावले. माती पाटी पाटीनं उतरायला लागली. पन्हळीपाशी आल्यावर गवंड्याची पहार कशात तरी अडकली. त्यानं हात घालून ओढलं, तर मातीत घट्ट ठोसलेला कापडाचा बोळा निघाला. आणि त्याच्यामागून काळं पाणी भसाभसा रस्त्यावर पडलं. पडतच राहिलं.

तो बोळा मी ओळखला. मामंजींच्या जुन्या पटक्याचा लाल तुकडा होता.

"मामंजी," मी म्हटलं, "हे काय?"

ते जराही वरमले नाहीत. उलट माझ्या अडाणीपणाचं त्यांना नवल वाटलं. "बांधाला भोक पडलं हुतं, बुजवलं. वावरातलं पाणी रस्त्यावर सोडायचं व्हय? आमच्याकडं पाणी थेंबानं येतंय. बांध फोडला म्हणून बापानं मला हाणलाय, लहानपणी."

गवंडी कपाळावर हात मारून हसायला लागला. मला हसू येईना. करमाळ्याच्या त्या कोरड्या मुलखात आयुष्यभर त्यांनी पाणी अडवलं होतं. पाणी जाऊ देणं हा तिथं गुन्हा, आणि इथं न जाऊ देणं. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं, मीही नाही. मला तरी कुठं ठाऊक होतं की बुजवलेली एक पन्हळ एवढं करेल? पिंपळाच्या मुळानं वाट काढली, काळीनं पाणी धरून ठेवलं, बोळ्यानं ते जाऊ दिलं नाही. यात मूळ चूक कुणाची म्हणायची, यावर आमच्याकडे अजून वाद होतात.

कोबा उकरला तेव्हा पिंपळाचं उरलेलं मूळ सापडलं. केसासारखं बारीक होऊन चुन्याच्या थरात चांगलं लांबवर गेलं होतं. ते सगळं काढलं. वाकलेल्या तुळईच्या बाजूला नवी तुळई बसवली. मग विटांचा चुरा आणि चुना पसरून मजूर बायका थाप्या घेऊन बसल्या. हिरड्याचं आणि गुळाचं पाणी शिंपडत एका तालात कोबा चोपायच्या. ती ठकठक किती दिवस चालली होती, ऐकून ऐकून कान किटले. मामंजी गाठोड्याशेजारी बसून ऐकायचे. माती उतरून झाली होती, पण ते गेले नव्हते. मी विचारलं नाही. गाडीची आठवण कोण करून देणार?

चोपून झाल्यावर गवंडी म्हणाला, आता पाणी भरून बघायचं. चुना पाण्यातच पक्का होतो, आणि कुठं गळतं तेही कळतं. मग तो खाली येऊन मला म्हणाला, "वैनी, एक जुनं फडकं द्या. पन्हळ बुजवायची हाय."

मामंजी ताडकन उठले.

"काय म्हणालास?"

"पन्हळ बुजवायची."

"आन् मी बुजवली तवा?" त्यांनी गवंड्याची वाट अडवली. "मी केलं तवा समदी हसला. माजं वावर उतरवलं. आन् तू तेच करतुयास?"

मला वाटलं आता मारामारी होते. खरंच, फरक काय होता? गवंडी त्यांच्यासमोर उकिडवा बसला. "आबा, तुमी बी हेच केलं. फकस्त काढायचं इसरला."

मामंजी परत गाठोड्याशेजारी बसले. मग अगदी हळू म्हणाले, "इसरलो न्हाय रं. काढायचं असतंय, हे ठावं न्हवतं."

मी आत फडकं शोधायला गेले. सापडेना. बाहेर आले तर मामंजी वाकून गाठोड्याची गाठ सोडत होते. धोतर, बंडी, सासूबाईंची एक जुनी तांब्याची लोटी, सगळं त्यांनी खाली जमिनीवर ठेवलं. आणि गाठोड्याचं फडकं झटकून गवंड्याच्या हातात दिलं.

गच्चीवर पाणी भरलं. खाली विणकर दिवसातून कितीदा तरी मान वर करून छताखाली उभा राहायचा. छत कोरडं राहिलं. चार-आठ दिवसांनी गवंडी म्हणाला, आता काढू. आणि बाजूला झाला. "आबा, तुमी काढा."

मामंजी पन्हळीपाशी गुडघ्यावर बसले. पाण्यात हात घातला. हात तिथंच राहिला. हे माझ्या शेजारी उभे होते, त्यांनी माझा दंड घट्ट धरला. मला आठवत नाही की कधी कुणाकडे बघून मला इतकं भरून आलंय. मग मामंजींनी फडकं ओढलं.

पाणी गेलं. ते वाकून कठड्यावरून खाली बघायला लागले, आणि मीही. विणकराच्या बायकोनं रंगाचा मोठा रांजण धुऊन पन्हळीखाली ठेवला होता. तिला कुणी सांगितलं होतं? मी नाही. पाणी रांजणात पडत होतं. तिनं वर बघून तेलुगूत काहीतरी म्हटलं. मामंजींना तेलुगूचं अक्षर येत नव्हतं. "व्हय की," ते म्हणाले, "राऊ द्या पाणी. झाडं लावली की हेच वर नेतो."

चुना वाळल्यावर गवंड्यानं गोणपाट आणि गरम डांबराचा थर दिला, वर वाळू. भिंतीच्या माथ्यावर, तुळईच्या पोटावर नव्हे, विटा मांडून त्यावर लाकडी खोकी ठेवली. त्यात भुसा, राख, शेणखत आणि थोडीच माती. शाळू परत कधी आला नाही, पण मिरच्या आल्या, वांगी आली. मामंजी रोज खोक्यांखाली हात फिरवून मूळ कुठं बाहेर येतंय का बघायचे आणि रोज पन्हळीत बोट घालायचे.

फडकं ओढलं त्याच दिवशी दुपारी मी वाळवणं काढायला वर गेले, तर माझ्या दोरीवर गाठोड्याचं फडकं धुऊन वाळत घातलेलं होतं. संध्याकाळी मामंजींनी ते काढलं, चार घड्या केल्या आणि मला आणून दिलं.

"सूनबाई, हे तुज्यापाशी ठिव," म्हणाले. "घरात लागतंय."